सोळा खणांचा चौकोन की फांद्या? क्रॉस सोडवताना काय धरायचं

दादरला बारावीच्या पोरांना बायो शिकवतो, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, सर पनेट स्क्वेअर काढू की फांद्या? मी उलट विचारतो, आईबाप दिलेत की फक्त पिल्लं मोजून दिलीत?

आईबाप दिले असतील आणि एकच जीन असेल तर चौकोनच काढ, चार खण, अर्धं मिनिट. दोन जीन आले की सोळा खण होतात आणि घाईत एखाद्या खणात Yy च्या जागी YY पडतं, मग रेशो बिघडतो आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

पिल्लं मोजून दिली असतील तर मात्र फांद्या, म्हणजे एका वेळी एकच जीन. परवाचंच गणित बघ, वाटाण्याचे 160 दाणे: गोल पिवळे 61, गोल हिरवे 58, सुरकुतलेले पिवळे 22, सुरकुतलेले हिरवे 19. चौकोनवाले इथे आईबापांचे अंदाज बांधत तीन-चार चौकोन काढत बसतात. तू रंग झाकून फक्त आकार मोज: गोल 119, सुरकुतलेले 41, म्हणजे जवळपास 3:1, म्हणजे दोघेही Rr. आता आकार झाक: पिवळे 83, हिरवे 77, म्हणजे 1:1, म्हणजे एक Yy आणि दुसरा yy. झालं, RrYy × Rryy. पडताळा म्हणून फांद्या गुणायच्या, 3:3:1:1 येतं, 160 मध्ये 60, 60, 20, 20. जुळतंय. (सगळेच गोल आले असते तर एक RR हे नक्की, दुसरा कोण ते कळलं नसतं. आणि दाणे आठच असतील तर 5:3 बघून 3:1 की 1:1 हे छातीठोक सांगू नकोस.)

पण फांद्यांची एक गोची आहे, दोन जीन एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे त्यात धरलेलंच असतं. गंमत म्हणजे ही गोची खुद्द पनेट आणि बेटसन यांच्याच स्वीट पीमध्ये दिसली. जांभळं फूल लांब पराग 4831, जांभळं गोल 390, लाल लांब 393, लाल गोल 1338. एकेक जीन मोजला तर दोन्हीकडे सुंदर 3:1, पण एकत्र 9:3:3:1 ने लाल गोल साधारण 435 हवे होते, आले तिप्पट! म्हणून फांद्या गुणून झाल्या की चारही आकडे ताडून बघच, नुसत्या 3:1 वर भुलू नकोस.

असं लिंकेज दिसलं की परत चौकोनाकडे ये, फक्त कडेच्या गॅमीटना सारखा वाटा द्यायचा नाही. लाल फूल गोल पराग असलेलं झाड दोन्हीकडून pl आलं तरच होतं, म्हणून 1338 ला 6952 ने भागून वर्गमूळ काढ, 0.44 येतं. म्हणजे कडेला PL आणि pl 44-44 टक्के, Pl आणि pL फक्त 6-6. फांद्यांमध्ये हे वाटे लिहायला जागाच नाही.