टबात भर घालायची की द्रावण पूर्ण बदलायचं?

गॅलरीत २० लिटरच्या टबावर, मातीशिवाय खताच्या द्रावणात लेट्यूस लावणाऱ्यांना पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न पडतो. माझं उत्तर तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं यावर ठरतं.

आधी भर घालण्याचं बघू. समजा सुरुवातीला ईसी, म्हणजे द्रावणात किती क्षार विरघळलेत ते सांगणारा आकडा, १.२ होता. एप्रिलच्या उकाड्यात चार-पाच दिवसांत पाणी १५ लिटरवर आलं आणि मीटर १.५ दाखवतोय. म्हणजे रोपांनी खतापेक्षा पाणी जास्त प्यायलंय. इथे बरेच जण तयार द्रावणच ओततात आणि ईसी १.४ च्या वर राहतो. दोन-तीनदा असं झालं की लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. त्याऐवजी ५ लिटर साधं पाणी घाला, ईसी १.१५ च्या आसपास येतो. उलट पाण्याबरोबर ईसीही उतरला असेल तर रोपं भुकेली आहेत, तेव्हा द्रावणाचीच भर हवी.

पालिकेचं पाणी तलावांचं असेल तर ते बहुतेक मऊ असतं. त्यात मुळातच क्षार कमी, म्हणून साध्या पाण्याची भर घालत दोन-तीन आठवडे सहज निघतात. मात्र मऊ पाण्याला पीएच धरून ठेवता येत नाही. रोपं नायट्रेट घेतात तसा तो वर सरकतो, आणि उतरवायला गेलं की थोड्याशा आम्लानेही धाडकन ५ च्या खाली जातो. पीएच-डाउन आधी मगभर पाण्यात पातळ करा, थोडं ओता, ढवळा, पंधरा मिनिटं थांबून मोजा. ५.५ ते ६.५ मध्ये असेल तर हात लावू नका. खत घालायचं असेल तर ते आधी, पीएच नंतर. खतामुळेही पीएच बदलतो.

टँकर किंवा बोअरवेलचं पाणी असेल तर हिशोबच फिरतो. त्या पाण्याचाच ईसी ०.८ असेल, तर पाच-पाच लिटर चारदा घातल्यावर टबात आणखी ०.८ इतके क्षार शिरतात. रोपं त्यातलं कॅल्शियम थोडंफार उचलतील, सोडियम आणि क्लोराइड बहुतेक मागेच राहतं. ईसी मीटरला खत आणि मीठ यांतला फरक कळत नाही. आकडा छान दिसतो आणि पानं फिकट पडत जातात. हे पाहून फार वाईट वाटतं, कारण माणूस रोज मनापासून मोजत असतो. अशा घरी दर आठ-दहा दिवसांनी टब रिकामा करा. आरओचं पाणी वापरलं तरी चालेल, पण मग कॅल्शियम-मॅग्नेशियम खतातूनच पुरवावं लागतं.

नवं द्रावण करताना खताचे ए आणि बी भाग सलग एकत्र ओतू नका. पाण्यात ए पूर्ण विरघळवा, मगच बी. नाहीतर कॅल्शियमचा पांढरा गाळ तळाशी बसतो आणि तो रोपांच्या कामाचा राहत नाही.

पालिकेचं पाणी असलं तरी एका खुणेवर मी लगेच टब बदलते: मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली आणि वास आला. तेव्हा आकडे बघत बसायचं नाही. टब घासून धुवायचा आणि सावलीत हलवायचा, कारण तापलेल्या पाण्यात मुळांना ऑक्सिजन कमी मिळतो.