तारकर्ली पॅकेज : ५० हजार भरले, सुटं केलं असतं तर २८ हजार

मालवण-तारकर्लीची पॅकेजेस सध्या जिकडेतिकडे दिसतात, म्हणून आमचा हिशेब पूर्ण मांडते आहे. आम्ही चौघं होतो : मी, नवरा आणि सत्तरीच्या आसपासचे माझे आई-बाबा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. माणशी ११,५०० रुपये, म्हणजे ४६,०००, त्यावर पाच टक्के जीएसटी धरून ४८,३००. जाहिरातीत माणशी १६,००० वर काट मारली होती आणि शेजारी मोठ्या अक्षरात ११,५००. ती १६,००० ची किंमत कुणी कधी भरली, कशाची बेरीज करून आली, याला काहीच आधार नव्हता. तो आकडा त्यांनीच लिहायचा आणि त्यांनीच खोडायचा. सवलत खरी आहे का हे त्यावरून कळूच शकत नाही. ते कळतं फक्त प्रत्येक गोष्टीचा सुटा भाव काढल्यावर.

कागदावर लिहिलेलं असं होतं : "३ दिवस / ४ रात्री, एसी रेल्वे, समुद्राजवळ एसी निवास, नाश्ता व रात्रीचे जेवण, स्कूबा डायव्हिंग, सिंधुदुर्ग किल्ला दर्शन, डॉल्फिन दर्शन, १० स्थळे." वाचायला भरगच्च वाटतं. प्रत्यक्षात चारपैकी दोन रात्री रेल्वेत गेल्या, ठाणे ते कुडाळ तुतारी एक्स्प्रेसने जाताना आणि परत येताना. खोलीत दोनच रात्री. दहा स्थळांपैकी बहुतेक किनारे आणि देवळं होती. तारकर्लीच्या वाळूवर चालायला किंवा देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ते बघायला कुणी तिकीट मागत नाही. त्यामुळे ठिकाणांचा आकडा कितीही मोठा असला तरी त्याची किंमत एका दिवसाच्या गाडीभाड्याएवढीच.

खरा धक्का मालवणच्या जेट्टीवर बसला. ड्रायव्हरने गाडी थांबवली, समोर पाण्यातला किल्ला दाखवला आणि म्हणाला, "हे किल्ला दर्शन. आत जायचं असेल तर होडीचं तिकीट तुमचं तुम्ही काढा." किल्ला कुरटे बेटावर आहे, होडीशिवाय आत पाऊल ठेवता येत नाही, हे पॅकेज विकणाऱ्याला माहीत नसणार असं कोण म्हणेल? बाबांनी शाळेत ३५ वर्षं इतिहास शिकवला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्याची पायाभरणी केली तो किल्ला त्यांना लांबून बघून परत फिरायला सांगणं, याचा मला अजूनही संताप येतो. होडीचे पाचशे रुपये आम्ही भरले. डॉल्फिनचंही तेच : "दर्शन" म्हणजे किनाऱ्यावरून, बोटीचे माणशी ३०० वेगळे. असे आणखी १,७०० गेले आणि बरोब्बर ५०,००० झाले.

स्कूबाचे पैसे मात्र चौघांचे धरलेले होते. आई-बाबा पाण्यात उतरणार नाहीत हे बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं. उत्तर आलं, "पॅकेज फोडता येत नाही." हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं तर तिथेच थांबा. गाडीवाल्याला, खोलीवाल्याला आणि बोटवाल्याला तो पैसे वेगवेगळेच देतो, म्हणजे फोड त्याच्याकडे असतेच.

निवासाच्या जागी कागदावर एका हॉटेलचं नाव आणि पुढे बारीक अक्षरात "किंवा तत्सम" असं होतं. आमच्या वाट्याला ते "तत्सम" आलं : किनाऱ्यापासून पाऊण किलोमीटर आत, माडांच्या वाडीतलं घरगुती निवास. जागा स्वच्छ, आणि तिथल्या काकूंच्या हातची सोलकढी अप्रतिम. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट त्यांच्यामुळेच सगळं उघड झालं. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तुमचे किती घेतल्यानी?" मी आकडा सांगितला. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आमका खोलयेक अठराशे मिळतत, न्याहारी धरून." थेट फोन करणाऱ्याला त्या तीच खोली २,२०० ला देतात.

त्याच रात्री वहीचं पान घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला भाव विचारत गेले. दोन खोल्या, दोन रात्री, नाश्त्यासह ८,८००. रेल्वेचं थर्ड एसीचं जाता-येता भाडं तिकिटांवर छापलेलं होतंच, चौघांचं मिळून साधारण ७,०००. कुडाळ स्टेशनहून आणणं-सोडणं आणि एक दिवसाची गाडी, ४,९००. दोन रात्रींचं माशांचं जेवण, ३५० ची थाळी धरून २,८००. स्कूबा फक्त आम्हा दोघांचा, ३,०००. किल्ल्याची होडी ५०० आणि डॉल्फिनची बोट १,२००. बेरीज २८,२००. दुपारचं जेवण पॅकेजमध्ये नव्हतं, म्हणून ते दोन्हीकडून वगळलं. हे महत्त्वाचं आहे, कारण एका बाजूला धरलं आणि दुसरीकडे विसरलं की तुलना फसते.

फरक २१,८०० चा. जुळवाजुळव करणाऱ्याने त्याच्या कष्टाचे पैसे घ्यावेत, त्यात काही गैर नाही. चार फोन तो करतो, तिकिटं तो काढतो. तीन-चार हजार जास्त घेतले असते तर मी हे लिहिलं नसतं. इथे प्रवासाच्या मूळ खर्चाच्या पाऊणपट रक्कम वर गेली, तीही सांगितलेल्या दोन गोष्टी न देता.

पैसे भरण्याआधी ही फोड तासाभरात करता येते. प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न लिहा : नेमकं काय, किती जणांना, किती वेळा. "निवास" असेल तर हॉटेलचं नाव आणि खोलीचा प्रकार घ्या, "तत्सम" काढून टाकायला लावा, आणि त्याच तारखांसाठी त्या हॉटेलला स्वतः फोन करा. तारखा त्याच हव्यात. काकूंच्या सांगण्याप्रमाणे ३१ डिसेंबरच्या आठवड्यात त्यांची २,२०० ची खोली जवळजवळ दुप्पट भावाने जाते. तेव्हा ज्याने आधीच खोल्या अडवून ठेवल्यात त्याचं पॅकेज खरंच स्वस्त पडू शकतं. दोघंच जात असाल तरी हिशेब बदलतो, कारण गाडीचं भाडं दोघांतच वाटलं जातं आणि मोठ्या गटाबरोबर बसने जाणं परवडतं. "दर्शन" दिसलं की विचारा, होडीचं तिकीट धरलंय का? ज्या ओळीचं उत्तर लेखी मिळत नाही तिची किंमत शून्य धरा आणि मग बेरीज करा. जून ते ऑगस्टच्या पॅकेजमध्ये स्कूबा किंवा किल्ल्याची होडी लिहिलेली असेल तर त्यापुढेही शून्यच लिहा, पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

परत आल्यावर मी त्या एजंटला हिशेब पाठवला. उत्तर आलं नाही, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. काही आठवड्यांनी होडी आणि बोटीचे १,७०० रुपये आणि आई-बाबांच्या न केलेल्या स्कूबाचे ३,००० परत आले, कारण या गोष्टी पॅकेजच्या कागदावर लिहिलेल्या होत्या आणि मिळाल्या नव्हत्या. उरलेल्या रकमेबद्दल त्याचं म्हणणं एकच : भाव तुम्हाला आधी सांगितला होता, तुम्ही तो मान्य केला. त्याच्यापुढे माझी तक्रार सरकली नाही.