तीन सरासऱ्यांचं शीट: हिवाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

वजन उतरवण्यासाठी दिवाळीनंतर मोबाइलवरच्या गुगल शीट्समध्ये एक साधं शीट बनवलं आणि तेव्हापासून तेच चालू आहे. ए मध्ये तारीख, बी मध्ये सकाळचं वजन, सी मध्ये दिवसाच्या कॅलरी आणि डी मध्ये पावलं. खरं काम पुढच्या तीन रकान्यांचं आहे. त्यांत या तिन्हींची मागच्या सात दिवसांची सरासरी रोज पुढे सरकत राहते. आठव्या ओळीत, ई रकान्यात एवढंच लिहायचं:

```
=IF(COUNT(B2:B8)>=5,AVERAGE(B2:B8),"")
```

हे उजवीकडे दोन रकाने ओढलं की कॅलरी आणि पावलांची सरासरीही मिळते, मग खाली ओढत न्यायचं. सातपैकी निदान पाच नोंदी नसतील तर रकाना रिकामा राहतो, आणि तसाच राहिलेला बरा. एक गोष्ट मात्र पाळायची: ज्या दिवशी नोंद नाही त्या दिवशी शून्य टाकायचं नाही, जागा मोकळी सोडायची. `AVERAGE` मोकळी जागा सोडून देतं, पण शून्य मोजतं. फोन दिवसभर चार्जिंगला राहिला आणि पावलांत शून्य पडलं, तर पूर्ण आठवड्याची सरासरी खोटी खाली येते.

सात दिवसच का, ते येळवशीला नीट दिसलं. आम्ही लातूरकडचे, त्यामुळे त्या दिवशी शेतात भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर सगळं पोटभर. माझ्या अंदाजाने ३००० कॅलरी झाल्या, एरवी १९०० असतात. त्या आठवड्यातली वजनं अशी होती: ८१.२, ८१.०, ८०.९, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी ८२.३, मग ८१.६, ८१.१, ८०.९. एका रात्रीत १.४ किलो वाढलं. पण जास्तीच्या ११०० कॅलरींतून चरबी किती वाढेल? एक किलो चरबीमागे साधारण ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅम. बाकीचं मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि पोटातलं अन्न. आठवड्याची सरासरी आली ८१.३, आधीच्या आठवड्याची होती ८१.६. म्हणजे वजन उतरतच होतं. दुसऱ्या दिवशी उपास धरायचं काही कारण नव्हतं आणि धरलाही नाही.

निर्णय मी फक्त रविवारी घेतो. या रविवारची सरासरी वजा मागच्या रविवारची, शीटमध्ये `=E15-E8`. आठवड्याला ३०० ते ५०० ग्रॅम उतरत असेल तर काहीच बदलायचं नाही. सलग दोन आठवडे वेग कमी दिसला तरच बाकीच्या दोन सरासऱ्यांकडे बघायचं. या शीटचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे झाला.

मे महिन्यात उतरण्याचा वेग ४०० ग्रॅमवरून २०० वर आला. नुसतं वजन लिहीत असतो तर सरळ एक भाकरी कमी केली असती. पण पावलांची सरासरी ८४०० वरून ५१०० वर आलेली दिसत होती. चाळीसच्या वर गेलेल्या उन्हात संध्याकाळी सातलाही रस्ता तापलेला असतो, फिरणं आपोआप सुटलं होतं. माझ्या वजनाला हजार पावलांमागे ४० कॅलरी धरल्या, तर रोजच्या १३० कॅलरी तिथे गेल्या. कॅलरींची सरासरी ९० ने वर होती, तो आमरस. दोन्ही मिळून रोज २२०, आठवड्याला दीड हजाराच्या आसपास, म्हणजेच हरवलेले २०० ग्रॅम. ताटाला हात न लावता फिरणं पहाटे साडेपाचला नेलं. आमरसही तसाच ठेवला, कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाचा परिणाम झाला ते कळत नाही. तिसऱ्या रविवारी वेग ३०० च्या पुढे आला. लगेच पुढच्याच रविवारी फरक शोधू नये. सरासरी तीनेक दिवस मागे चालते आणि जुने दिवस तिच्यातून निघायला आठवडा जातो.

कॅलरी घरच्या जेवणाच्या, त्यामुळे अंदाजाच्याच. आमच्या एका भाकरीला ७५ ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं, ते एकदा वजन करून बघितलं आणि भाकरीला २६० कॅलरी कायमच्या धरल्या. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतं, फक्त रोज तोच धरायचा. फसवतं ते तेल. एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, आणि भाजीवरची तर्री कुणी मोजत नाही. कॅलरी आणि पावलं दोन्ही जागच्या जागी असून वजन अडलं, तर मी आधी आठवडाभर तेल मोजतो आणि मगच रोजच्या १५० कॅलरी कमी करतो.

बायकोच्या शीटला मात्र सात दिवस पुरत नाहीत. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, तेव्हा पूर्ण आठवड्याची सरासरीच वर जाते, खाणं आणि चालणं तेच असूनही. तिच्यासाठी एक रकाना वाढवला, `=E36-E8`, म्हणजे चार आठवड्यांपूर्वीच्या त्याच दिवसाशी तुलना. तिची पाळी साधारण अठ्ठावीस दिवसांची आहे म्हणून हे जुळतं. ज्यांची मागेपुढे होते त्यांनी पाळी सुरू झाल्याची तारीख वेगळ्या रकान्यात लिहावी आणि पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यांचीच एकमेकांशी तुलना करावी.