सिग्मा-७० आणि सिग्मा-५४: दार कोण उघडतं?

सांगलीत बीएस्सीच्या मुलांना शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतोच, "सर, सिग्मा प्रमोटरवर बसला, मग आरएनए लगेच का तयार होत नाही?" सिग्मा म्हणजे आरएनए बनवणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमला जनुकाच्या सुरुवातीच्या प्रमोटरवर नेऊन बसवणारं प्रथिन. ई. कोलाय या जीवाणूचे दोन सिग्मा शेजारी ठेवले की उलगडतं.

सिग्मा-७० पॉलिमरेजला घेऊन, आरएनए जिथून सुरू होतो तिथून मागे मोजलेल्या -३५ (TTGACA) आणि -१० (TATAAT) या खुणा ओळखतो. मधे डीएनएच्या साधारण १७ जोड्या. मग तो -११ चा A बाहेर खेचून स्वतःच्या खिशात धरतो आणि सुमारे १३ जोड्या सुटतात. त्यासाठी एटीपी खर्चावा लागत नाही.

सिग्मा-५४ मात्र -२४ आणि -१२ वर घट्ट बसतो आणि तिथेच अडतो. डीएनए मिटलेलाच. नायट्रोजन कमी पडला की glnA जनुकापासून शंभरावर जोड्या लांब बसलेल्या एनटीआरसी या प्रथिनाला फॉस्फेट मिळतो. मधला डीएनए वाकवून तो पॉलिमरेजला गाठतो, एटीपी फोडतो, तेव्हा कुठे कडी निघते.

डीएनए उघडला की नाही याची खात्री परमँगनेट या रसायनाने होते, कारण ते जोडी सुटलेल्या T वरच नेमकं चालतं. एटीपी न घालता सिग्मा-७० च्या नळीत खुणा उमटतात. सिग्मा-५४ च्या नळीत काहीच नाही.