‘प्रॉडक्ट मॅनेजर’ ठेवायचं की ‘उत्पादन व्यवस्थापक’ करायचं?

दिवाळी अंकासाठी लेखकांचे परिचय माझ्याकडे येतात. चार-पाच ओळींचेच असतात, पण निम्मे इंग्रजीत, आणि ते मराठीत करताना सगळ्यात जास्त वेळ पदनामांवर जातो. यंदाच्या एका लेखिकेचा परिचय घेऊनच सांगते. सुरुवातीला जलसंपदा विभागात ज्युनियर इंजिनिअर, मग डॉक्युमेंटरींची एडिटर, आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर, शिवाय गावच्या वाचनालयाची सेक्रेटरी. चारही शब्दांचा निर्णय वेगवेगळा झाला.

ज्युनियर इंजिनिअर सोपं. सरकारी पदांना मराठी नाव आधीच ठरलेलं असतं, भाषा संचालनालयाचा पदनाम कोश आहे आणि ऑफिसातल्या पाटीवरही तेच असतं, म्हणून तिथे कनिष्ठ अभियंता, कार्यकारी अभियंता, गटविकास अधिकारी असंच लिहायचं, स्वतःचं काही बनवायचं नाही. विद्यापीठाचंही तसंच, व्हाइस चान्सलर म्हणजे आपल्याकडे कुलगुरू. हिंदीतून माहिती आली की घोळ होतो कारण तिथे बऱ्याच ठिकाणी व्हाइस चान्सलरला कुलपति म्हणतात आणि मराठीत कुलपती म्हणजे चान्सलर.

प्रॉडक्ट मॅनेजर मात्र मी आहे तसंच ठेवते. पूर्वी एकदा एका लेखकाच्या परिचयात ‘उत्पादन व्यवस्थापक’ छापलं आणि अंक बाहेर पडल्यावर त्यांना ओळखीच्यांचे फोन, की सॉफ्टवेअर सोडून कुठल्या कारखान्यात लागलात? चूक माझी होती. उत्पादन हा शब्द मराठीत वस्तूलाही वापरतात आणि ती बनवण्याच्या कामालाही, पण पुढे व्यवस्थापक लागलं की डोळ्यासमोर भोसरी-चाकणचं शॉप फ्लोअर येतं. म्हणजे अडचण शब्द जड असण्याची नाहीच, तो शब्द आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीवर बसलेला आहे. तेव्हापासून मी एकच गोष्ट बघते: केलेलं भाषांतर त्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, हे गृहस्थ दिवसभर काय करत असतील? उत्तर चुकलं तर मूळ शब्द देवनागरीत परत आणायचा. आणि मूळ शब्दही कळत नसेल (प्रॉडक्ट मॅनेजर बऱ्याच वाचकांना कळत नाहीच) तर पदाचं भाषांतर करत बसण्यापेक्षा कामाचं एक वाक्य द्यावं.

एडिटरला उलट मराठी शब्दच हवा, कारण इंग्रजीत एकच शब्द आहे आणि आपल्याकडे दोन. वर्तमानपत्राचा, पुस्तकाचा तो संपादक आणि फिल्मचा तो संकलक. परिचयात नुसतं ‘एडिटर’ ठेवलं तर दिवाळी अंकाचा वाचक मासिकच समजणार, आणि सवयीने ‘संपादक’ केलं तर सरळ चुकीचंच. डायरेक्टरचं पण हेच, सिनेमा-नाटकाचा दिग्दर्शक आणि कंपनीचा किंवा सरकारी संचालनालयाचा संचालक.

सगळ्यात जास्त विचार करावा लागतो तो सेक्रेटरीचा. मंत्रालयातला सचिव, राजकीय पक्षाचा चिटणीस किंवा सरचिटणीस, साहित्य संस्थेत बहुतेकदा कार्यवाह, आणि हाउसिंग सोसायटीचा मात्र सगळ्यांच्या तोंडी सेक्रेटरीच. इथे कोश उघडून उपयोग नाही, संस्थेचं लेटरहेड बघायचं. या लेखिकेला फोन केला तर म्हणाली, “ताई, आमच्या वाचनालयाच्या शिक्क्यावर कार्यवाह आहे.” विषय संपला.

कॉलेजातल्या लोकांचं एक वेगळं दुखणं आहे. असिस्टंट प्रोफेसर म्हणजे सहायक प्राध्यापक, असोसिएट म्हणजे सहयोगी प्राध्यापक, हे शब्द नेमणुकीच्या कागदांवरही असतात त्यामुळे भाषांतराला हरकत नाही, पण आपण कॉलेजात शिकवणाऱ्या सगळ्यांनाच ‘प्रा.’ लावतो. बोलण्यात चालतं. परिचयात नुसतं ‘प्राध्यापक’ लिहिलं की सहायकाला न मिळालेली बढती मिळते आणि खऱ्या प्रोफेसरची पायरी दिसेनाशी होते, म्हणून तिथे पूर्ण पदनाम लिहावं, लांब झालं तरी.

स्त्रियांच्या बाबतीत अजून एक: दिग्दर्शिका, संपादिका, प्राध्यापिका की दिग्दर्शक, संपादक, प्राध्यापक, हे मी परस्पर ठरवत नाही, ज्यांचा परिचय त्यांना विचारते. या लेखिकेला संकलकच हवं होतं.

शेवटी छापायला गेलं ते असं: “जलसंपदा विभागात दोन वर्षं कनिष्ठ अभियंता. नंतर सहा वर्षं माहितीपटांच्या संकलक. सध्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर. शेतकऱ्यांसाठीच्या ॲपमध्ये काय असावं आणि कधी यावं हे ठरवण्याचं काम. गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाह.”