पैसे भरून घेतलेलं रेट ॲप, वर्षभरानंतर: रेट खरा, वेळ खोटी

वर्षाच्या वर्गणीचं रिन्यूअल आलंय म्हणून लिहायला बसले. ॲपचं नाव देत नाही, कारण हा घोळ एकाच ॲपचा नाहीये, चलनाचे रेट दाखवणारी अर्धी दुकानं असंच करतात.

माझा वापर सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी पुण्यात बसून जर्मन भाषांतरं करते, क्लायंट श्टुटगार्टचा. भाव रुपयांत ठरलेला, पण बिल युरोत द्यायचं, आणि करारात लिहिलंय की बिलाच्या तारखेचा ईसीबीचा, म्हणजे युरोपियन सेंट्रल बँकेचा रेट लावायचा. ॲप जूनमध्ये घेतलं ते एवढ्यासाठीच, की ईसीबीचा रेट एका टॅपवर मिळतो, बिलात आपोआप बसतो, जाहिराती नाहीत. ऑक्टोबरपर्यंत माझी एक तक्रार नव्हती. चांगलं ॲप म्हणून दोघीतिघींना सांगितलंसुद्धा.

नोव्हेंबरपासून क्लायंटच्या अकाउंट्समधून मेल यायला लागले की तुमचा रेट आदल्या दिवसाचा आहे. मी बिल नेहमीसारखं संध्याकाळी पावणेआठला बनवत होते, ॲपवर रेटखाली हिरव्या अक्षरात ‘आत्ताच अपडेट’ लिहिलेलं, आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या एका फुकट वेबसाइटवर युरो-रुपयाचा वेगळाच आकडा. सोपे आकडे घ्या, ॲप म्हणतंय ८९.००, साइट म्हणतेय ८९.४०. साडेचार लाखांच्या बिलावर एका रेटने ५,०५६.१८ युरो होतात, दुसऱ्याने ५,०३३.५६. साडेबावीस युरोचा फरक, म्हणजे दोन हजार रुपये. मला ही रक्कम लहान वाटत नाही, आणि क्लायंटच्या अकाउंट्सला तर अजिबातच वाटत नाही.

सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, ‘रेट प्रोव्हायडरप्रमाणे बदलतात.’ परत लिहिलं, परत तेच वाक्य. मग माझा संशय असा झाला की कुणीतरी मधे आपलं मार्जिन कापतंय, बँका खरेदी-विक्रीच्या भावात ठेवतात तसं. पण आठवडाभर दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहून ठेवले तेव्हा तो संशय टिकला नाही. मार्जिन असतं तर फरक रोज एकाच बाजूला पडला असता. इथे युरो चढला की ॲप मागे, युरो उतरला की ॲप पुढे. हे शिळ्या रेटचं लक्षण आहे, कापलेल्या रेटचं नाही. तुम्हालाही दोन साइटींवर फरक दिसला तर आधी हे बघा, बाजू कायम राहते की उलटते.

आता खरं कारण. ईसीबी रोज मध्य युरोपच्या वेळेनुसार दुपारी २:१० च्या सुमारास युरोपातल्या मध्यवर्ती बँकांशी बोलून रेट ठरवते आणि साधारण ४ वाजता जाहीर करते. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा त्यांचे ४ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, २०२४ मध्ये तो २७ तारखेला होता, आणि मग त्यांचे ४ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. म्हणजे माझी पावणेआठची वेळ जूनमध्ये रेट आल्यानंतरची होती आणि नोव्हेंबरमध्ये रेट यायच्या आधीची. आपल्याकडे घड्याळ मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे इकडे बसून काही बदललंय हे कळतच नाही. ॲपला मात्र कळायला हवं होतं. नवा रेट नाहीये, कालचाच दाखवतोय, एवढं लिहायला काय जात होतं?

आणि ती दुसरी साइट? ती चालू बाजारातला खरेदी आणि विक्रीच्या मधला भाव दाखवत होती, पावणेआठचा. रुपयाचा आपल्याकडचा आंतरबँक बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो, त्यानंतर सिंगापूर, लंडनकडे जे सौदे चालतात त्यावर असे आकडे हलत राहतात. म्हणजे एकाच मिनिटाला मी दोन वेगळ्या वेळचे भाव बघत होते, एक आदल्या संध्याकाळचा आणि एक आत्ताचा. दोन्ही खरे. खोटं होतं ते ‘आत्ताच अपडेट’, कारण ती माझ्या फोनने सर्व्हरला विचारल्याची वेळ होती, रेट ठरल्याची नव्हे.

जानेवारीत ॲपचं अपडेट आलं आणि माझं मत जरा सुधारलं. आता रेटखाली तारीख-वेळ येते. पण वेळ काय येते बघा, ‘१५ जानेवारी, पहाटे ५:३०’. रोज पहाटे ५:३०, शनिवार-रविवार सोडून. युरोपात तेव्हा मध्यरात्र असते, कोण बसलंय रेट ठरवायला? मग ईसीबीची फाइल स्वतः उघडून बघितली. त्यात वेळेबद्दल फक्त एवढं असतं:

```
<Cube time='2025-01-15'>
```

नाव time, पण आत नुसती तारीख, तास-मिनिटं नाहीतच. ॲपवाल्यांनी त्या तारखेला आपल्या मनाने रात्रीचे बारा चिकटवले, तेही `UTC`, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतले, आणि फोनने ते भारतीय वेळेत बदलले की साडेपाच तास पुढे, पहाटे ५:३०. प्रत्यक्षात १५ जानेवारीचा तो रेट आपल्या संध्याकाळी ६:४० चा आहे. रेट ठरायच्या तेरा तास आधीची वेळ त्यावर छापलीय! कुठेही रेटखाली पहाटे साडेपाच दिसलं तर समजा की ती वेळ कुणी मोजलेली नाही, ती रिकामी जागा भरलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये हेच ॲप उघडलं तर तारीखसुद्धा एक दिवस मागे जाईल, १४ जानेवारी संध्याकाळी ७. तिकडच्या मैत्रिणीला विचारलं, तिच्या फोनवर तसंच दिसतंय.

सपोर्टला हे स्क्रीनशॉटसकट पाठवलं तर ‘आमच्या टीमकडे दिलंय’. मार्च आला तरी तेच.

आपल्याकडच्या कुणाला एफबीआयएलचा, म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडियाचा रेट लागत असेल (२०१८ पर्यंत जो रिझर्व्ह बँक काढायची तो), तर तो आणखी वेगळा दिसेल. तो सकाळी ११:३० ते १२:३० मधल्या सौद्यांवरून काढतात आणि दुपारी दीडच्या सुमारास येतो. ईसीबीचा त्या सौद्यांनंतर पाच-सहा तासांनी ठरतो. तेवढ्यात रुपया हलला तर तारीख एक आणि आकडे दोन. सुट्ट्याही वेगळ्या, १५ ऑगस्टला इकडे बाजार बंद पण ईसीबी रुपयाचा रेट देते, २६ डिसेंबरला ईसीबी बंद.

रिन्यू करतेय, पण महिन्याच्या प्लॅनवर, वर्षाचे पैसे एकदम देणार नाही. बिल हिवाळ्यात रात्री नऊनंतर आणि उन्हाळ्यात आठनंतर काढते, आणि बिलावर रेटच्या शेजारी ‘ईसीबी, अमुक तारीख’ हाताने लिहिते, ॲपची वेळ खोडून. त्यानंतर श्टुटगार्टहून एकही मेल नाही. पाचपैकी तीन तारे. ते पहाटेचे साडेपाच काढले की चौथा देईन.