मीटरवरचे ६४० आणि माझे साडेअठरा हजार

मे महिन्यात पेडण्याला आमच्या घरी एक तरुण पाणी तपासायला आला. "काकी, तपासणी फुकट." विहिरीच्या पाण्यात त्याने पेनासारखा मीटर बुडवला. आकडा आला ६४०. "टीडीएसची मर्यादा ५००, आणि तुमचा बघा!" मग सोबतच्या यंत्रातलं पाणी तपासलं, तर २०. घरात लहान नातू. मी साडेअठरा हजार मोजून आरओ बसवून घेतला.

रविवारी भाचा आला. तो औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत असतो. मी हौसेने काढलेला मीटरचा फोटो त्याने मोठा करून पाहिला. ६४० च्या खाली बारीक अक्षरांत µS होतं, म्हणजे वाहकतेचं एकक, आणि २० च्या खाली ppm, म्हणजे टीडीएसचं. मधे कधीतरी त्या पोराने बटण दाबलं होतं, आणि मी बघत होते त्याच्या तोंडाकडे!

भाच्याने समजावलं ते असं. मीटर पाण्यातले क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते, म्हणजे वाहकता, मोजतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं वजन : गाळलेलं पाणी आटवायचं, उरलेला साका १८० अंशांवर सुकवून तोलायचा. वाहकतेवरून हे वजन काढायला मीटर तिला एका गुणकाने गुणतो, आणि तो गुणक कारखान्यात ठरलेला असतो. साध्या मिठाचे कण वजनाच्या मानाने भरपूर वीज वाहतात, म्हणून मिठाच्या पाण्याला ०.५ च्या आसपास गुणक चालतो. बायकार्बोनेट जड आणि संथ, त्यामुळे तेवढ्याच वाहकतेमागे वजन जास्त असतं. अशा पाण्याला ०.७ पर्यंत लागतो. सिलिका तर तराजूत भरते, पण वीज जवळजवळ वाहतच नाही. आमची विहीर खाडीजवळ, उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं, म्हणजे मीठ अधिक. पावसाळ्यात क्षारांचं प्रमाण बदललं की हा गुणकही थोडा सरकणार.

प्रयोगशाळेत पाणी आटवून पाहिलं : लिटरला ३५२ मिलिग्रॅम. ३५२ भागिले ६४०, म्हणजे ०.५५. पाचशेच्या चांगलं आत. शिवाय ५०० ही भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं, हेही त्या तरुणाने सांगितलं नव्हतं.

तुमच्या दारात असा कोणी आला, तर बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर घ्या, त्यात अर्धा ग्रॅम मीठ विरघळवा (सोनाराचा काटा बरा) आणि मीटर बुडवायला सांगा. ५०० च्या आसपास आलं तर गुणक ०.५. सातशेच्या आसपास आलं तर ०.७. हजाराच्या जवळ गेलं तर तो टीडीएस नव्हेच, नुसती वाहकता. हे पाणी प्यायचं नाही, ते सोनाराच्या काट्याइतकंच कामापुरतं.

मी त्या तरुणाला फोन केला. "तुमच्या मीटरचा गुणक किती?"

"काकी, गुणक वेगळा मिळत नाही, मशीनबरोबरच येतो."